आलेखातल्या दोन खाचा

अकरावीच्या वर्गाला मी दरवर्षी एक काम हाताने करायला लावते. आवर्तसारणीतली दुसरी आडवी ओळ घ्यायची, लिथियमपासून निऑनपर्यंत, आणि प्रत्येक मूलद्रव्याची पहिली आयनीभवन ऊर्जा आलेख कागदावर मांडायची. आठच बिंदू असतात. लिथियम ५२०, बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लुओरिन १६८१, निऑन २०८१. सगळे आकडे किलोज्यूल प्रति मोल.

एका वर्षी बाकांमधून फिरताना एका मुलाच्या कागदापाशी थांबले. त्याने बोरॉनचा बिंदू खोडरबराने पुसून वर सरकवला होता. ऑक्सिजनचाही. जुन्या बिंदूंचे करडे डाग तिथे दिसत होते आणि नव्या बिंदूंमधून एक छान चढती रेघ गेली होती. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, डावीकडून उजवीकडे वाढत जाते ना? मग बोरॉन खाली कसा येईल? फळ्यावर आकडा चुकला असेल."

त्याचा नियम बरोबर होता आणि फळ्यावरचे आकडेही बरोबर होते. परीक्षेतला प्रश्न नेमका या दोहोंच्या फटीत बसलेला असतो. म्हणून त्या दिवशी राहिलेला तास त्या दोन पुसलेल्या बिंदूंवरच गेला.

आधी हा आकडा कशाचा आहे ते पाहू. वायुरूपातला, एकटा, कुणाशी न जोडलेला अणू घ्यायचा आणि त्याचा सर्वात सैल धरलेला इलेक्ट्रॉन काढून दूर न्यायचा. त्याला जी ऊर्जा लागते ती पहिली आयनीभवन ऊर्जा. एक मोल लिथियम म्हणजे जेमतेम ७ ग्रॅम. त्याच्या वाफेतल्या प्रत्येक अणूचा एकेक इलेक्ट्रॉन काढायला ५२० किलोज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत दीड लिटर पाणी उकळीला येतं. आणि लिथियम हा तर या ओळीतला सर्वात ढिला गडी. निऑनला याच्या चौपट लागते.

हा फरक कुठून येतो? ओळीत एकेक घर पुढे सरकलं की केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो आणि बाहेर एक इलेक्ट्रॉन. हिशेब सारखा वाटतो, पण तो सारखा सुटत नाही. बाहेरच्या इलेक्ट्रॉनवर केंद्रकाची सगळी ओढ पोहोचत नाही, कारण मधले इलेक्ट्रॉन आड येतात. आतल्या कवचातले चांगले आड येतात, पण त्याच कवचातले सोबती फारसे आड येत नाहीत; ते शेजारी असतात, मध्ये नसतात. जॉन स्लेटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३० साली यासाठी साधे नियम दिले. एस आणि पी इलेक्ट्रॉनांपुरतं सांगायचं तर त्याच कवचातला प्रत्येक सोबती ०.३५ इतकी ओढ अडवतो, लगतच्या आतल्या कवचातला ०.८५, आणि त्याहून आतला पूर्ण १. लिथियमच्या केंद्रकावर ३ प्रभार. आतले दोन इलेक्ट्रॉन मिळून १.७ अडवतात. उरते १.३ ओढ. निऑनच्या केंद्रकावर १०. आतले दोन १.७ अडवतात, सात सोबती २.४५. उरते ५.८५. दर पावलाला ०.६५ ने ओढ वाढत जाते.

ओढ वाढली की इलेक्ट्रॉन आत खेचले जातात आणि अणू आक्रसतो. दहावीच्या पुस्तकातल्या आकड्यांशी हे जुळतं: लिथियमची त्रिज्या सुमारे १५२ पिकोमीटर, बेरिलियम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६. अणूत इलेक्ट्रॉन वाढत जातात आणि अणू लहान होत जातो. मुलांना हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं, आणि वाटायलाच हवं. स्तंभातून खाली गेलं की मात्र नवं कवच सुरू होतं, बाहेरचा इलेक्ट्रॉन लांब पडतो, आणि त्याला काढणं सोपं होतं: लिथियम ५२०, सोडियम ४९६, पोटॅशियम ४१९, रुबिडियम ४०३, सिझियम ३७६.

आकाराबद्दल एक सावधगिरी इथेच सांगते, कारण तिच्यात हुशार मुलं अडकतात. काही पुस्तकांत फ्लुओरिनची त्रिज्या ६४ आणि लगेच पुढच्या निऑनची १६० दिलेली असते. मुलं याचं कारण शोधायला अणूच्या आत शिरतात. कारण तिथे नाही, मोजण्याच्या पद्धतीत आहे. क्लोरीनचे दोन अणू बंधाने जोडलेले असताना त्यांच्या केंद्रकांतलं अंतर १९८ पिकोमीटर भरतं. त्याचं अर्ध, ९९, ही त्याची सहसंयुज त्रिज्या. पण दोन वेगळे क्लोरीन रेणू एकमेकांना नुसते टेकलेले असताना मोजलं तर त्याच क्लोरीनची त्रिज्या १८० च्या आसपास येते. तिला व्हॅन डर वाल्स त्रिज्या म्हणतात. निऑन बंधच करत नाही, म्हणून त्याची ही दुसरीच त्रिज्या मोजता येते आणि कोष्टकात तीच छापतात. एका रांगेतल्या मुलांची उंची मोजताना शेवटच्याला टोपीसकट मोजावं तसं ते आहे. परीक्षेत 'फ्लुओरिन आणि निऑनच्या त्रिज्या अनुक्रमे' असा प्रश्न आला आणि पर्यायांत ७२ व १६० दिसले, तर परीक्षकाला हाच बदल विचारायचा असतो.

आता त्या खाचांकडे येऊ.

बेरिलियम ८९९, आणि त्याच्या पुढच्या बोरॉनला ८०१. प्रोटॉन वाढला, तरी ९८ किलोज्यूल कमी लागले. गंमत म्हणजे स्लेटरच्या हिशेबात ही खाच दिसतच नाही. बेरिलियमसाठी १.९५ ओढ येते आणि बोरॉनसाठी २.६. त्या नियमांनी आलेख काढला तर माझ्या विद्यार्थ्याने काढला तशीच सरळ चढती रेघ मिळेल. कारण स्लेटरने एकाच कवचातले एस आणि पी इलेक्ट्रॉन एका टोपलीत घातले आहेत, आणि खाच तर त्या दोघांतल्या फरकाने पडते.

बेरिलियमचे बाहेरचे दोन्ही इलेक्ट्रॉन एस ऑर्बिटलमध्ये असतात. एस इलेक्ट्रॉनला केंद्रकाच्या अगदी जवळ असण्याची शक्यता असते. आतल्या कवचाच्या पडद्यातून तो काही प्रमाणात आत घुसतो आणि तिथे त्याला केंद्रकाची जवळजवळ उघडी ओढ मिळते. बोरॉनचा पाचवा इलेक्ट्रॉन मात्र पी ऑर्बिटलमध्ये जातो. पी इलेक्ट्रॉनची केंद्रकाच्या जागी असण्याची शक्यता शून्य, त्याच्या आसपासही फार थोडी. शिवाय त्याच्याच कवचातले दोन एस इलेक्ट्रॉन त्याच्या आणि केंद्रकाच्या मध्ये थोडेफार येतात. त्यामुळे तो वरच्या पातळीवर, सैल असतो. एक प्रोटॉन वाढल्याची ओढ ही तूट भरून काढू शकत नाही. खालच्या ओळीतही नेमकं असंच होतं, आणि जास्त ठळक: मॅग्नेशियम ७३८, ॲल्युमिनियम ५७८.

दुसरी खाच नायट्रोजन १४०२ आणि ऑक्सिजन १३१४ यांच्यामधली. इथे एस-पीचा प्रश्न नाही, दोन्हीकडे पी इलेक्ट्रॉनच काढायचा आहे. पी ऑर्बिटल तीन असतात. नायट्रोजनचे तीन पी इलेक्ट्रॉन तिघांत एकेक बसतात आणि तिघांचे स्पिन सारखे असतात. सारख्या स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांपासून आपसूक अंतर राखतात, म्हणून त्यांच्यातलं अपकर्षण कमी पडतं. ऑक्सिजनच्या चौथ्या पी इलेक्ट्रॉनला रिकामं ऑर्बिटल उरत नाही. त्याला आधीच्या एकाशी जोडी करून, उलट स्पिन घेऊन, त्याच जागेत राहावं लागतं. दोघेही ऋण प्रभाराचे, जागा एकच, अपकर्षण वाढलं. मग त्या जोडीतला एक काढून टाकणं सोपं झालं.

याचं उत्तर उत्तरपत्रिकेत बहुतेक वेळा एका ओळीत येतं: नायट्रोजनचं पी ऑर्बिटल अर्धं भरलेलं आहे, अर्धं भरलेलं स्थिर असतं, म्हणून. या ओळीला गुण मिळतात. पण ती मला पुरेशी वाटत नाही, कारण ती लिहिणाऱ्याला पुढचा प्रश्न सोडवता येत नाही, आणि पुढचा प्रश्न येतोच.

स्पर्धा परीक्षांच्या तयारीत तो हमखास भेटतो: कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि फ्लुओरिन यांना दुसऱ्या आयनीभवन ऊर्जेच्या उतरत्या क्रमाने लावा. पाठांतरावर विसंबलेली मुलं फ्लुओरिनला पहिला नंबर देतात, किंवा पहिल्या ऊर्जेतला अपवाद आठवून नायट्रोजनला ऑक्सिजनच्या वर नेतात. दोन्ही चूक.

सोडवायचं कसं? दुसरी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन आधीच गेलेल्या आयनातून आणखी एक काढायची ऊर्जा. तेव्हा आधी प्रत्येकाचा एक इलेक्ट्रॉन काढून टाकायचा आणि मग उरलेल्याकडे बघायचं. मी फळ्यावर चार ओळी लिहिते. कार्बनचा एक गेला, पीमध्ये एक उरला. म्हणजे आता त्याची मांडणी बोरॉनसारखी. नायट्रोजनचा एक गेला, दोन उरले, कार्बनसारखी. ऑक्सिजनचा एक गेला, तीन उरले, प्रत्येक ऑर्बिटलमध्ये एकेक, नायट्रोजनसारखी. फ्लुओरिनचा एक गेला, चार उरले, म्हणजे एक जोडी आली, ऑक्सिजनसारखी. आता ज्या ऑक्सिजनला पहिल्या वेळी जोडीमुळे सैल म्हटलं, तो या खेपेला जोडी नसलेला झाला आहे, आणि सैल होण्याची पाळी फ्लुओरिनवर आली आहे. मोजलेले आकडे असे: ऑक्सिजन ३३८८, फ्लुओरिन ३३७४, नायट्रोजन २८५६, कार्बन २३५३. क्रम याच ओळीत लागला.

या आकड्यांत बोरॉनचा २४२७ घालून दुसऱ्या ऊर्जेचाही आलेख काढायला मी मुलांना सांगते. मग दिसतं की बोरॉनची खाच कार्बनवर सरकली आणि ऑक्सिजनची फ्लुओरिनवर. दोन्ही खाचा एकेक घर उजवीकडे गेल्या. म्हणजे त्या कुठल्या मूलद्रव्याच्या नव्हत्याच. त्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या होत्या. पाच इलेक्ट्रॉन उरले की एक खाच, आठ उरले की दुसरी, मग केंद्रक कुणाचंही असो. हे कागदावर स्वतःच्या हाताने उमटलं की अपवाद पाठ करायची गरज संपते.

तरी खाचांची खोली नीट पाहायला हवी. नायट्रोजनवरून ऑक्सिजनवर येताना ८८ किलोज्यूलची घसरण होती. दुसऱ्या ऊर्जेत, ऑक्सिजनवरून फ्लुओरिनवर, ती फक्त १४ उरली. तिसऱ्या ऊर्जेत याच जागी फ्लुओरिनचे ६०५० आणि निऑनचे ६१२२ आहेत. घसरण नाहीशी झाली, चढ आला. मांडणी तीच, तीन विरुद्ध चार, अर्धं भरलेलं विरुद्ध जोडी असलेलं, पण या वेळी अर्धं भरलेलं हरलं. आयनावरचा धन प्रभार वाढला की प्रत्येक पावलाला केंद्रकाची ओढ जास्त मोठ्या उडीने वाढते, आणि जोडीतलं अपकर्षण त्या मानाने तितकं वाढत नाही. म्हणून 'अर्धं भरलेलं स्थिर' हे वाक्य कायद्यासारखं वापरू नये. त्यात दोन बलांची रस्सीखेच आहे आणि एकाच बाजूचं नाव घेतलेलं आहे. उलट बोरॉनची खाच जास्त चिवट आहे: पहिल्या ऊर्जेत ९८, दुसरीत ७४, तिसरीत कार्बन ४६२० आणि नायट्रोजन ४५७८, म्हणजे अजून ४२ शिल्लक.

स्तंभातून खाली उतरलं तरी ही जोडीची खाच बुजत जाते. फॉस्फरस १०१२, गंधक १०००. फरक १२ चा. ऑर्बिटल मोठी झाली, जोडीतल्या दोघांना पसरायला जागा मिळाली. आणखी खाली अँटिमनी ८३४ आणि टेल्युरियम ८६९. तिथे खाच नाहीच. परीक्षेत नायट्रोजन-ऑक्सिजन आणि फॉस्फरस-गंधक या दोनच जोड्या सहसा विचारतात, कारण पुढे अपवादालाच अपवाद आहे.

आडव्या ओळीत एवढं झाल्यावर उभ्या स्तंभातल्या एका खाचेकडे वळावंच लागतं, आणि ती मला सर्वांत आवडते. बोरॉन, ॲल्युमिनियम, गॅलियम. नियमाप्रमाणे खाली जाताना अणू मोठा व्हावा. ॲल्युमिनियमची धातू-त्रिज्या १४३ पिकोमीटर, गॅलियमची १३५. एक अख्खं कवच वाढलं आणि अणू लहान झाला. आयनीभवन ऊर्जा बोरॉनवरून ॲल्युमिनियमवर येताना ८०१ वरून ५७८ वर नियमाने उतरली. पण गॅलियमला ५७९, म्हणजे उतरायची थांबलीच. वेगळ्या पद्धतीने मोजलेल्या काही कोष्टकांत या दोघांच्या त्रिज्या जवळपास सारख्या दिलेल्या असतात. पण अपेक्षेप्रमाणे गॅलियम ठसठशीत मोठा कुठेच नसतो.

मोजून पाहू. ॲल्युमिनियमच्या केंद्रकावर १३ प्रभार. स्लेटरच्या नियमांनी बाहेरच्या इलेक्ट्रॉनपर्यंत पोहोचते ३.५ ओढ. गॅलियमच्या केंद्रकावर ३१. मध्ये १८ प्रोटॉन वाढले, त्यांपैकी १० स्कँडियमपासून जस्तापर्यंतच्या संक्रमण धातूंच्या रांगेतून आले. त्या रांगेत भरलेले दहा इलेक्ट्रॉन डी ऑर्बिटलमध्ये असतात. डी ऑर्बिटल पसरट आणि विरळ असतं, त्यामुळे पडदा म्हणून ते कच्चं असतं. हिशेबात लगतच्या आतल्या कवचातले १८ इलेक्ट्रॉन १५.३ अडवतात, त्याहून आतले १० पूर्ण १० अडवतात, दोन सोबती ०.७. उरते ५ ओढ. साडेतीनची पाच झाली. कवच वाढल्याने अणू जितका फुगायला हवा होता, तितका या ओढीने आवळून धरला.

ज्या माणसाने या जागेवरच्या मूलद्रव्याचं भाकीत केलं, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. मेंडेलीव्हच्या काळी इलेक्ट्रॉनच सापडला नव्हता. त्याने ॲल्युमिनियमच्या खालचं घर रिकामं ठेवून त्याला एका-ॲल्युमिनियम असं नाव दिलं आणि घनता सुमारे ५.९ असेल असं सांगितलं. १८७५ साली फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँला ते मूलद्रव्य सापडलं. त्याने घनता मोजली ती ४.७. मेंडेलीव्हने कळवलं की नमुना पुरेसा शुद्ध नसावा, पुन्हा पाहा. शुद्ध करून मोजल्यावर ती ५.९ भरली. या वेळी खरंच आकडा चुकला होता. ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगते, कारण कागदावरचा बिंदू वर सरकवणाऱ्या त्या मुलाची शंका मुळात वाईट नव्हती. फरक इतकाच की मेंडेलीव्हने आकडा खोडला नाही, पुन्हा मोजायला लावलं.

गॅलियम २९.८ अंश सेल्सियसला वितळतो. तळहातावर ठेवला तर मिनिटभरात कडा ओलसर चमकू लागतात आणि मग सगळा खडा पाऱ्यासारखा पण जरा दाट, हाताला चिकटणारा होतो. विदर्भातल्या मे महिन्यात तो बाटलीतल्या बाटलीतच पातळ असतो.

कच्च्या पडद्याचा हाच प्रकार आणखी खाली, जास्त मोठ्या प्रमाणावर घडतो. झिर्कोनियमची त्रिज्या १६० पिकोमीटर, त्याच्या खालच्या हाफ्नियमची १५९. मध्ये लँथनाइडांची चौदा घरं येऊन जातात, आणि त्यांचे एफ इलेक्ट्रॉन डीपेक्षाही कच्चा पडदा करतात. आकार सारखा, बाहेरची मांडणी सारखी, म्हणून दोघांचं रसायनही जवळजवळ सारखं. झिर्कोनियम १७८९ मध्ये ओळखलं गेलं. त्याच्या प्रत्येक खनिजात हाफ्नियम मिसळलेलं होतं, तरी ते १९२३ पर्यंत कुणाला दिसलं नाही. कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी ते क्ष-किरणांनी ओळखलं आणि त्या शहराच्या लॅटिन नावावरून त्याला नाव दिलं. वजन मात्र लपत नाही: आकार तोच, अणू जवळजवळ दुप्पट जड, म्हणून घनता ६.५ वरून १३.३ वर जाते. तारापूरच्या अणुभट्टीत इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात, कारण झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे शोषत नाही. हाफ्नियम भरपूर शोषतं. म्हणून त्या नळ्यांसाठी ही दोन जुळी आधी एकमेकांपासून सोडवावी लागतात, आणि ते काम किचकट आहे.

राहिली विद्युतऋणता. आकार आणि आयनीभवन ऊर्जा या एकट्या अणूच्या गोष्टी, निदान तशा मोजता येतात. विद्युतऋणता एकट्या अणूवर मोजताच येत नाही. दोन अणूंनी इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतली असताना ती कोण किती आपल्याकडे ओढतो, त्याचं ते माप आहे. लिनस पॉलिंगने १९३२ साली ते बंधांच्या ताकदीवरून काढलं. हायड्रोजनच्या दोन अणूंमधला बंध तोडायला ४३६ किलोज्यूल लागतात, क्लोरीनच्या दोन अणूंमधला २४२. एक हायड्रोजन आणि एक क्लोरीन यांचा बंध तोडायला या दोहोंची सरासरी, ३३९, लागायला हवी. प्रत्यक्षात लागतात ४३१. वरचे ९२ कुठून आले? जोडी क्लोरीनकडे सरकल्यामुळे, दोन्ही टोकांना थोडाथोडा प्रभार येऊन बंध जास्त घट्ट झाल्यामुळे. ९२ ला ९६.५ ने भागून वर्गमूळ काढलं की ०.९८ येतं. कोष्टकात हायड्रोजन २.२०, क्लोरीन ३.१६, फरक ०.९६. जवळजवळ तोच.

परीक्षेतला सर्वांत नेहमीचा गोंधळ इथे होतो. इलेक्ट्रॉन स्वीकारताना बाहेर पडणारी ऊर्जा क्लोरीनची जास्त, ३४९ किलोज्यूल, फ्लुओरिनची ३२८. कारण इवल्याशा फ्लुओरिनवर आधीच सात इलेक्ट्रॉन दाटीने असतात आणि येणाऱ्या आठव्याला ते ढकलतात. हे वाचलेली मुलं विद्युतऋणतेतही क्लोरीनला वर ठेवतात. पण ती एकट्या अणूने पूर्ण इलेक्ट्रॉन घेण्याची गोष्ट झाली. बंधातली जोडी ओढण्यात फ्लुओरिन, ३.९८ ने, सर्वांच्या पुढे आहे आणि तिथे अपवाद नाही.

त्या मुलाला मी नंतर दुसरा आलेख कागद दिला आणि याच ओळीची विद्युतऋणता मांडायला सांगितली. लिथियम ०.९८, बेरिलियम १.५७, बोरॉन २.०४, कार्बन २.५५, नायट्रोजन ३.०४, ऑक्सिजन ३.४४, फ्लुओरिन ३.९८. या वेळी खोडरबर लागलं नाही. त्याने पट्टी ठेवली तर सातही बिंदू जवळजवळ एका रेषेत आले. बोरॉनपाशी खाच नाही, ऑक्सिजनपाशीही नाही. एकट्या अणूतून एक इलेक्ट्रॉन उपटताना जोडीतलं अपकर्षण किंवा पीचा सैलपणा नेमका आडवा येतो. बंधातली जोडी ओढण्याचं माप मात्र त्या एका इलेक्ट्रॉनवर ठरत नाही, म्हणून त्या खाचा इथे उमटत नाहीत. त्याची सरळ चढती रेघ खोटी नव्हती, ती दुसऱ्या आलेखाची होती.

मग त्याने पेन्सिल आठव्या घरावर नेली आणि विचारलं, "निऑनला काय मांडू?"

मी म्हटलं, "रिकामं ठेव. बंधच नाही, तर पॉलिंगच्या कोष्टकात आकडा कुठून येणार?"